एकवीस मेची दवंडी

नसरापूरच्या पेठेत, एका किराणा दुकानाच्या माडीवर आमचा फोटो स्टुडिओ आहे. जिन्याच्या पहिल्या चार पायऱ्यांना गुळाचा वास येतो, मधल्या पायऱ्यांना मिरचीचा, आणि वर पोहोचेपर्यंत माणूस एकदा तरी शिंकतोच. त्या शिंकेवरून मला कळते की गिऱ्हाईक आले. हे, म्हणजे माझे यजमान, फोटो काढतात. मी खिडकीजवळच्या संगणकावर व्हिडिओ जुळवते. शिकले होते मराठी साहित्य. छंदशास्त्राच्या तासाला इतर मुलींच्या कपाळाला आठ्या पडत आणि मी बाकावर बोटांनी मात्रा मोजत बसे. लग्नानंतर काही वर्षांनी, ऐन लग्नसराईत, आमच्याकडे एडिटिंग करणारे गृहस्थ काम सोडून गेले. ह्यांनी माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि म्हणाले, "कवितेत मोजतेसच की तू. इथंही मोजायचंच असतं." तेव्हापासून ती खुर्ची माझी आहे.

त्या मार्चात पालीची एक मुलगी आमच्याकडे आली. पाली म्हणजे राजगडाच्या पायथ्याचे गाव. मुलगी नसरापुरातल्या एका दवाखान्यात संगणकावर काम करायची. नवरा मुलगा शिरवळच्या कारखान्यात कामाला. दोघांचे लग्नाआधीचे फोटो ह्यांनी जानेवारीतच काढून ठेवले होते. गुंजवणीचे थंड पाणी, कापणी झालेली भातखाचरे, सकाळच्या धुक्यातून अर्धाच वर आलेला गड. आता त्या फोटोंतून 'सेव्ह द डेट'चा व्हिडिओ करायचा होता, म्हणजे पत्रिका छापून येण्याआधी लोकांनी तो दिवस राखून ठेवावा म्हणून फोनवर पाठवायची छोटी चित्रफीत. एकवीस मे, रविवार, दुपारी साडेबाराचा मुहूर्त, लग्न पालीला, घरापुढच्या माळावर.

मुलीबरोबर तिची आई आली होती. गडावर येणाऱ्या पोरांना घरी पिठलं-भाकरी करून वाढणारी ती बाई. तिच्या लुगड्याला चुलीच्या धुराचा वास होता, आणि खुर्ची दिली तरी ती आधी पदराने पुसून मगच टेकली. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला होता. मुलगी फोटो निवडत असताना तिने मला सांगितले ते असे.

"ताई, साकरपुड्याला म्या तीन पंगतींचं रांधलं. तिसरी पंगत बसलीच न्हाई."

आमच्याकडे लग्नाकार्याचे आवतण घरोघरी जाऊन द्यायचे असते, हळदीकुंकू आणि अक्षता घेऊन. कपाळ मोकळे असलेल्या बाईने ते द्यायचे नाही, अशी रीत. म्हणून तिने भावकीतल्या दोघी जावांना पाठवले. त्या जवळच्या चार घरांत जाऊन आल्या आणि वाड्यावस्त्या तशाच राहिल्या. ज्याला आवतण नाही तो जेवायला कसा येणार? तिच्या माळावर ताडपत्री अंथरलेली राहिली, आणि भाताचे पातेले गुरांपुढे गेले.

"आन् आता बगा," ती म्हणाली, "त्याच दिवशी, त्याच वक्ताला वरच्या आळीच्या मोठ्या घरातलं लगीन. शिवऱ्याला, हायवेच्या लॉनवर. समद्या खोऱ्याची त्यांच्याकडं ऊठबस. माझ्या मांडवात कोन येनार? पोरीच्या लग्नाला तरी मांडव भरलेला दिसू द्या. बाकी मला काय बी नको."

"आई, येतील गं सगळे," मुलगी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. "व्हिडिओ सगळ्यांच्या स्टेटसला लागला की झालं."

आईने माझ्याकडे पाहिले. तिच्या त्या पाहण्याला मी मान डोलावली. आता आठवले की मला माझ्याच मानेचा राग येतो, कारण मी त्या वेळी मनाशी वेगळेच रचत होते.

मी रचली होती एक कविता. पियानोचे हळवे सूर एका संगीताच्या साइटवरून परवान्यासह घेतले. सिनेमाचे गाणे लावले तर इन्स्टाग्रामवर आवाज बंद पडायचा धोका, म्हणून हे नेहमी तशीच काळजी घेतात. धुक्यापासून आरंभ केला. एका फोटोतून दुसरा असा विरघळत जाई की पाण्यातल्या पायांवर भाताच्या पेंढ्या उगवल्यासारख्या दिसाव्यात. चौदा फोटो, अठ्ठेचाळीस सेकंद. आणि तारीख? तारीख मी शेवटच्या ओळीसाठी राखली होती. चांगली कविता आपला अर्थ शेवटपर्यंत मुठीत ठेवते, असे मला शिकवले होते. एकेचाळिसाव्या सेकंदाला सोनेरी, वळणदार, केसासारख्या बारीक अक्षरांत चौकटीच्या तळाशी ती उमटे, तीन सेकंद चमके आणि जुन्या अत्तरासारखी हवेत विरून जाई.

ह्यांनी पाहिले आणि म्हणाले, "वा." मुलीने पाहिले आणि डोळे पुसले. नवऱ्या मुलाने फोनवरून सात-आठ लाल बदाम पाठवले. सोमवारी सकाळी व्हिडिओ खोऱ्यात सुटला. दुपारपर्यंत पन्नास-साठ जणांच्या स्टेटसला लागला होता, आणि मी खिडकीत चहा घेत, हायवेकडून येणारा वाहनांचा गुणगुणाट ऐकत, स्वतःवर खूश होते.

मंगळवारी सकाळी जिन्यात शिंक आली नाही. पावले इतकी भरभर चढली की मिरचीला संधीच मिळाली नसावी. मुलगी, तिची आई आणि कामथडीहून आलेला आईचा धाकटा भाऊ, म्हणजे मुलीचा मामा, तिघे दारात. मामाच्या पायाला अजून कांद्याच्या वाफ्यातली ओली माती होती.

"ताई, इडिओ लई झ्याक," मामा म्हणाला. "पन एक सांगा, लगीन हाय कवा?"

मला वाटले, थट्टा करतोय. "मामा, तारीख आहे की शेवटी."

"कुठं? म्या चारदा बगितला. मेव्हन्याच्या स्टेटसला बगितला, चुलत्याच्या बगितला. पोरगी हासती, जावई हासतो, पानी वाहतंय, आन् खलास."

त्याने फोन पुढे केला. मी पाहिले. पियानो वाजत होता, धुके निवळत होते, पाण्यातले पाय आले, आणि तिसाव्या सेकंदाला सगळे पटकन तुटले. त्या काळी स्टेटसला तीसच सेकंद बसत. लांब व्हिडिओ लावला की पुढचा भाग छाटला जाई. हे मला ठाऊक होते. इतर गिऱ्हाइकांचे काम करताना मी ते पाळतही असे. या वेळी माझ्याच सुरांच्या नादात सेकंदांकडे पाहिलेच नव्हते. माझ्या कवितेची शेवटची ओळ खोऱ्यात कुणी वाचलीच नव्हती.

"पण पूर्ण व्हिडिओ पाठवलाय ना ग्रुपवर?" मी विचारले.

"ग्रूपवरचा बगितला की म्या," आई म्हणाली. ती अजून उभीच होती. "तिसरीपोतर शिकलीया म्या, ताई. बोट लावून वाचते. पैलं अक्षर लावतीया तवर गेलंच ते. आन् खाली होतं, त्यात उन्हात बगत हुते."

मग मुलीने ते सांगितले जे सांगायला तिघेही आले होते आणि ज्याच्याभोवती इतका वेळ नुसते फिरत होते. पाण्यावर बायका म्हणत होत्या की व्हिडिओ तर आला, पण तारीख नाही. म्हणजे लग्न ठरलेले नसणार. बापाविना पोर, मुलाकडच्यांनी पाऊल मागे घेतले असेल. कुणी तर आईला वाटेत थांबवून विचारले, "का गं, फिस्कटलं व्हय?"

"आन् त्यांचा इडिओ गुरवारी येनार हाय," मामा म्हणाला. "वरच्या आळीचा. ड्रोन लावून काढलाय म्हनं. एकदा त्यांची तारीख लोकांच्या डोक्यात बसली, की आक्काची कोन धरतंय?"

हे कॅमेऱ्याची काच पुसत होते, ती पुसतच राहिले. मी खुर्ची ओढून आईला बसवले. या वेळी तिने ती पुसली नाही.

"मावशी, चूक माझी आहे," मी म्हणाले. "उद्या सकाळपर्यंत नवीन करून देते. पण मला एक सांगा. तुमच्या गावात पूर्वी एखादी गोष्ट सगळ्यांना कळवायची असली तर काय करायचे?"

ती जरा गोंधळली. "काय करायचं? दवंडी द्यायची."

"कशी?"

"कशी म्हंजे? आदी हलगी. दनकून. म्हंजे मानूस चुलीपुढनं उठून दारात येतंय. मग हलगी गप. एकदम गप. आन् मग बोलायचं, सावकास. परत हलगी. जेला आईकू गेलं न्हाई त्येला दुसऱ्या आळीत परत." ती थांबली. "कोन बी इचारत न्हाई मग, की काय म्हनला."

सारे छंदशास्त्र त्या बाईच्या चार वाक्यांत बसले होते: गती, यती, उच्चार, पुनरावृत्ती. मी ज्या यतीवर परीक्षेत पानभर लिहिले होते तिला ही बाई 'एकदम गप' म्हणत होती.

"हलगी वाजवणारे आहेत अजून कुणी?"

"हायेत की आबा. घरीच असत्यात."

दुपारी आम्ही पालीला पोहोचलो. रस्त्याच्या कडेला पळस पेटले होते; आंब्याच्या मोहराचा तुरट-गोड वास मोटरसायकलच्या वेगाने तोंडावर येत होता. आबा सत्तरीचे, वाळल्या शेंगेसारखे कडक आणि हलके. फोनसाठी वाजवायचे आहे म्हटल्यावर ते हसले. "माजी हलगी त्या डबीत मावंल व्हय?" पण मग अंगणात चार काटक्या पेटवून त्यांनी हलगी शेकायला घेतली. कातडे तापू लागले, तसा त्याचा ओलसर, बसका आवाज हळूहळू वर चढत गेला. बोटाने ठोकून पाहायचे, पुन्हा शेकायचे. शेवटी ती अशी टणकली की गोठ्यातल्या शेरडाने मान वर केली.

ह्यांनी आबांच्या सदऱ्याला छोटा माइक लावला. आबांच्या उजव्या हातात जाड टिपरी होती, डाव्या हाताच्या बोटांत बारीक काडी. मी बोटांवर मोजत होते. मिनिटाला शहाण्णवच्या आसपास ठोके. मी हिशेब केला आणि मनातल्या मनात उडीच मारली. चार ठोक्यांचे एक आवर्तन अडीच सेकंदांत बसत होते, म्हणजे बारा आवर्तनांत तीस सेकंद. जणू स्टेटसची मर्यादा आबांनीच ठरवून दिली होती.

"आता दवंडीसारखं थांबा," मी म्हणाले. "आणि मग बोला. एकवीस मे, रविवार..."

"म्या न्हाई बोलनार," आबा म्हणाले. टिपरी त्यांनी मांडीवर ठेवली. "म्या वाजवनार. आवतान घरच्या मानसानं द्यायचं आस्तं. हिच्या घरचं मानूस ही."

सगळ्यांनी आईकडे पाहिले. ती भिंतीला टेकून उभी होती, हातातल्या काटकीने राखेत रेघा ओढत.

"म्या कशी बोलू, आबा? लोक काय म्हनतील? आसल्या शुभ कामात माज्या तोंडनं..."

"तुज्या तोंडची भाकर खात्यात न्हवं लोक?" आबा कडाडले. "तवा इचारत्यात का, कपाळाला काय हाय म्हनून? साऱ्या खोऱ्याच्या पंगतींना राबलीस. आता बोल. न्हाईतर हलगीचा जाळ इझवतो म्या."

मुलीने आईच्या हातातली काटकी काढून घेतली आणि आबांच्या सदऱ्याचा माइक काढून आईच्या पदराला लावला, अगदी बाळाला टाचणी लागू नये अशा बेताने.

पहिल्या वेळी आई नुसतीच पुटपुटली. दुसऱ्या वेळी ती 'मे' म्हणायची विसरली आणि मामा म्हणाला, "आक्का, लोकं दर म्हैन्याच्या एकवीसला येतील, पिठल्याचं पीठ वाढीव ठेव." त्यावर सगळे हसले, तीही हसली, आणि तिसऱ्या वेळी त्या हसण्याचीच ऊब आवाजात राहून गेली. जिना चढून आल्यासारखा किंचित दमलेला, चुलीच्या धुराने खरबरीत झालेला, पण न अडखळणारा आवाज.

"एकवीस मे. रविवार. दुपारी साडेबारा. पालीला या."

आबांनी तीन ठोके दिले. अंगणावरून आवाज गडाच्या कड्यापर्यंत गेला असावा. कारण जरा वेळाने तो बारीक होऊन परत आला. ह्यांनी तोही टिपून घेतला.

संध्याकाळी खिडकीपाशी बसून मी चौदा फोटोंतले आठ काढून टाकले. मुलीचा आवडता, रंगीत धुरातला फोटो गेला, तिने पाच मिनिटे तोंड फुगवले आणि मग म्हणाली, "असू दे, धुराचं काय, आमच्या घरात रोजचाच आहे." सहा फोटो राहिले. प्रत्येकाला एक आवर्तन, म्हणजे पंचाहत्तर चौकटी. पहिल्या ठोक्यावर फोटो येणार, चौथ्यापर्यंत अगदी हळू जवळ सरकत राहणार, मध्ये विरघळणे नाही, सरळ काप. आबांचा हात कुठे केसभर पुढे धावला होता, तिथे फोटोचा काप मी त्यांच्या ठोक्यावर नेला. त्यांचा ठोका फोटोच्या मापात ओढणे मला जमले असते, पण करवले नाही. करवंदीच्या काट्यात अडकलेला तिचा पदर तो सोडवतो आहे, तो फोटो सहावा. पदर सुटतो आणि हलगी थांबते.

सातवे आवर्तन मी रिकामे ठेवले. गडद तपकिरी पडदा, शेकलेल्या कातड्याच्या रंगाचा, आणि अडीच सेकंद फक्त गुंजवणीचे पाणी.

"लोकांना वाटेल फोन अडकला," हे म्हणाले.

"वाटू दे," मी म्हणाले. "म्हणजे बघतील तरी."

मग आठव्यापासून शेवटपर्यंत फक्त तारीख. सोनेरी रंग नको, केसासारखी अक्षरे नकोत. फोनवरून फोनवर जाताना चित्र दाबले जाते, आणि बारीक रेषा आधी मरतात. बारीक वळणात मराठी एक आणि नऊ सख्खे भाऊ दिसतात. म्हणून जाड, सरळ, पिवळसर पांढरी अक्षरे. आकड्यात २१ आणि त्याच्याखाली अक्षरी 'एकवीस मे'. त्याखाली वार, वेळ, गाव. सगळे चौकटीच्या मधल्या पट्ट्यात. कारण स्टेटसवर वरचा भाग नावाने झाकला जातो आणि खालचा उत्तराच्या चौकटीने. आईच्या आवाजात ज्या क्षणी वार येतो त्याच क्षणी पडद्यावर वार. सगळे उमटल्यावर ते विझू द्यायचे नाही, शेवटपर्यंत. अखेरच्या ठोक्याची शेपटी अर्ध्या सेकंदाने आखूड केली. साडेएकोणतीस. छाटणाऱ्याला छाटायला काही उरले नव्हते.

बुधवारी सकाळी आई पहिल्या गाडीने आली. या वेळी जिन्यात दोनदा शिंकली. मी तिच्या हातात फोन दिला, माझा मोठा नव्हे, तिचाच, कोपऱ्याला तडा गेलेला. आणि मुद्दाम तिला गच्चीत उन्हात नेले. तिने बोट लावले.

"ए-क-वी-स मे. र-वि-वा-र. दु-पा-री साडे-बा-रा. पा-ली." श्वास घेतला. "एकवीस मे, रविवार, दुपारी साडेबारा, पाली." आणि दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर, मग, आबांचे शेवटचे तीन ठोके वाजले.

"ऱ्हायलं की गं हितंच," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "पळालं न्हाई."

आयुष्यात माझ्या लिहिण्याचे कुणी इतके चांगले परीक्षण केलेले नाही.

नऊ वाजता तो व्हिडिओ सुटला. अकराच्या सुमारास मामाचा फोन आला, पलीकडे कुणीतरी पत्र्याच्या डब्यावर आबांचे ठोके वाजवत होते आणि दोनतीन पोरे ओरडत होती, "एकवीस मे! रविवार!" दुपारी खालच्या किराणा दुकानदाराने वर मान करून विचारले, "वहिनी, ती पालीची बाई कोण? आमच्या आईनं आवाज ऐकून कॅलेंडरवर खूण केली." संध्याकाळपर्यंत वेल्ह्याकडच्या, भोरकडच्या, कुणाकुणाच्या फोनमधून ती हलगी ऐकू येत होती. वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यांनी ऐकली, ऐकू न येणाऱ्यांनी वाचली. ज्या वस्त्यांवर जावा पोहोचल्या नव्हत्या तिथले लोक सांगू लागले, "आवतान तिनं सोता दिलं." कपाळाचा विषय कुणी काढला की नाही, ठाऊक नाही. आमच्या कानावर आला नाही.

गुरुवारी वरच्या आळीचा व्हिडिओ आला. देखणा होता, ढगांच्या वरून गड, घोडा, शेरवानी. दोन मिनिटांचा. मी तो स्टेटसवर पाहिला आणि तिसाव्या सेकंदाला घोडा वळता वळता तुटला. मला हसू आले आणि लगेच लाज वाटली. मी त्या एडिटरला ओळखत नव्हते, पण त्याची शेवटची ओळ मला ठाऊक होती.

त्यानंतर आठवड्याने वरच्या आळीचे कर्ते गृहस्थ स्वतः मुलीच्या घरी आले. ओसरीवर पिठलं-भाकरी खाल्ली, हात धुतले आणि म्हणाले, ते मला मुलीने जसे सांगितले तसे:

"वैनी, निम्म्या खोऱ्यानं तुमची तारीख धरलीया. माज्या घरचंच म्हातारं म्हनतंय, आवतान आलंय, जाया पायजे. आमी आमचा म्हूर्त गोरजाचा घेतला. गुरुजींनी बगून दिला. दुपारचं समदं खोरं तुमच्याकडं, सांजचं आमच्याकडं. तुमी बी या."

एकवीस मेला आम्ही कॅमेरे घेऊन पहाटेच पालीला गेलो. माळावर मांडव, आंब्याच्या डहाळ्या, भिजवलेल्या तांदळाचा आणि तळणीचा वास. दहा वाजता खुर्च्या रिकाम्या होत्या. आई मांडवाच्या तोंडाशी उभी राहून रस्त्याकडे बघत होती आणि कुणी काही विचारले तर भलतेच उत्तर देत होती. साडेदहाला पहिला टेम्पो आला. मग जीप. मग दुसरा टेम्पो; त्याच्या हौद्यात नऊवारी-सहावारीची बाग उभी. अकरानंतर वळणावरची धूळ खाली बसेचना. खुर्च्या संपल्या, ताडपत्र्या संपल्या, लोक आंब्याखाली, बैलगाडीच्या दांडीवर, शाळेच्या कठड्यावर बसले. वरच्या आळीचे म्हातारे काठी टेकत पुढच्या रांगेत येऊन बसले आणि आबांना म्हणाले, "वाजवा की वो, ती फोनातली."

आबांनी हलगी शेकलेलीच होती. त्यांनी तीच गत धरली. मी कॅमेऱ्यामागे होते आणि सवयीने आवर्तने मोजत होते: चार, पाच, सहा. सहावे संपले. आबा थांबले. एकदम गप. सबंध माळावर अडीच सेकंद नुसते गुंजवणीचे पाणी.

आणि मग कुणीही खूण केली नसताना तो सगळा मांडव एका सुरात म्हणाला,

"एकवीस मे! रविवार! दुपारी साडेबारा! पालीला या!"

हशाची लाट उठली. मांडवाची झालर हलली. बोहल्याकडे निघालेली मुलगी हसता हसता रडली, मामाने तिचा हात घट्ट धरला आणि स्वतःचे डोळे खांद्याला पुसले. आबांनी तीन ठोके दिले. त्यांचा प्रतिध्वनी या वेळी कुणाला ऐकू आला नाही. इतके लोक होते.

अक्षता पडल्यावर आई माझ्याकडे आली. तिच्या कपाळावर घाम होता आणि पदरावर कुणीतरी उधळलेले अक्षतांचे चार दाणे.

"ताई," ती माझ्या कानाशी ओरडून म्हणाली, कारण हळू बोललेले ऐकूच येत नव्हते, "पाच पंगती व्हतील. पीठ कमी पडतंय. त्या मशिनीमागनं निगा आन् भाकरी थापायला चला."

मी कॅमेरा तिकाटण्यावर सोडला आणि गेले.